व्हॉट्सॲपवरून आलेली पिशवी मोठ्या फोटोत बसवताना ती धूसर का दिसते आणि काय करायचं

पॅम्प्लेट बनवताना येणारी एक अडचण आज नीट समजून घेऊ. पार्श्वभूमीचा फोटो सुंदर आणि एकदम स्पष्ट असतो. त्यात आपला माल म्हणून जी वस्तू बसवतो, ती मात्र पुसट, मेणासारखी दिसते. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण "हे चिकटवलंय" एवढं त्याला लगेच कळतं. आणि चिकटवलेला माल पाहिला की माल खरंच असा आहे का, अशी शंका येते.

उदाहरण आपल्या मावळातलंच घेऊ. समजा कामशेतमध्ये तुम्ही बचत गटाचा इंद्रायणी तांदूळ १ किलोच्या पिशवीत विकता. नवा तांदूळ येण्याआधी पॅम्प्लेट छापून ठेवायचंय. भातखाचरासमोर एक लाकडी पाट, त्यावर वाफाळता भात आणि बाजूला तांदळाची रास, असा फोटो तुम्ही मोबाईलवर काढलाय. तो ३००० × ४००० पिक्सेलचा आहे. पिशव्यांचा जुना लॉट संपलाय आणि नव्या पिशव्या प्रेसमधून आलेल्या नाहीत. हातात आहे तो मागच्या वर्षी प्रदर्शनातल्या स्टॉलवर कुणीतरी काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला १२०० × १६०० चा फोटो. त्यात पिशवी जेमतेम ४०० पिक्सेल उंच आहे. पाटाशेजारी ती साधारण १००० पिक्सेल उंच हवी. म्हणजे अडीच पट मोठी करायची, असं वाटतं ना? इथेच थोडं थांबा.

आधी मोजा, मग ओढा

बहुतेक जण मोठा फोटो उघडतात, त्यात पिशवी टाकतात आणि कोपरा धरून ओढत ओढत हवी तेवढी मोठी करतात. त्यात दोन नुकसानं होतात. एक म्हणजे गरज नसताना पिशवी अडीच पट ताणली जाते. दुसरं म्हणजे थोडी मोठी, थोडी लहान, परत मोठी असं करताना सॉफ्टवेअर दर वेळी पिक्सेल नव्याने मोजतं आणि चित्र प्रत्येक वेळी थोडं आणखी पुसट होतं.

खरा प्रश्न वेगळा आहे. गिऱ्हाईक शेवटी जे चित्र बघणार, त्यात पिशवी किती पिक्सेल उंच असेल?

पॅम्प्लेट ए-फाइव्ह आकाराचं आहे, म्हणजे १४८ × २१० मिलीमीटर. प्रेसवाले सहसा एका इंचाला ३०० पिक्सेल मागतात. त्या हिशोबाने पूर्ण पान १७४८ × २४८० पिक्सेलचं होतं. कापणीसाठी सोडायची कड सध्या हिशोबाबाहेर ठेवू. तुमचा फोटो पानभर रुंदीत लावला तर तो ३००० वरून १७४८ वर येतो. त्याच प्रमाणात १००० पिक्सेलची पिशवी ५८३ ची होते. तुमच्याकडे ४०० आहेत. म्हणजे वाढ अडीच पट नाही, साधारण १.४६ पट. हे जमण्यासारखं आहे.

हाच फोटो इन्स्टाग्रामवर १०८० × १३५० मध्ये टाकायचा असेल तर गंमत बघा. तिथे पिशवी ३६० पिक्सेलचीच लागते आणि तुमच्याकडे ४०० आहेत. मोठी करायचा प्रश्नच उरला नाही, उलट थोडी लहान करायची आहे.

म्हणून पहिला नियम असा: पार्श्वभूमीचा फोटो आधी शेवटच्या मापावर आणा आणि मगच त्यात वस्तू बसवा. फोटो लहान केल्याने त्याचा जास्तीचा बारकावा निघून जातो आणि पिशवी व फोटो यांच्यातलं अंतर आपोआप कमी होतं. धूसरपणा ही तुलनेची गोष्ट आहे. पिशवी एकटी बघितली तर ती धूसर वाटत नाही, स्पष्ट गोष्टीच्या शेजारी ठेवली की वाटते. त्यामुळे पिशवी जगातली सर्वांत स्पष्ट करायची नसून ती आणि शेजारची तांदळाची रास यांच्यातला फरक मिटवायचा आहे.

मोठं करण्याआधी साफसफाई

आता गिंप उघडा. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. मोठ्या फोटोची एक कॉपी करा, `Image → Scale Image` मध्ये रुंदी १७४८ द्या आणि बाजूला ठेवा. उंची आपोआप २३३१ होईल. पानाच्या तळाशी साधारण सव्वा सेंटीमीटरची पट्टी उरते, तिथे तुमचं नाव आणि नंबर येईल.

मग व्हॉट्सॲपचा फोटो उघडा आणि पिशवीभोवती थोडी जागा ठेवून तो कापून घ्या. आता झूम ४०० टक्क्यांवर नेऊन पिशवीच्या कडेजवळ बघा. छोटे छोटे चौकोन दिसतील. जेपीजी फाइल चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून ते दाबते आणि व्हॉट्सॲप पाठवताना परत एकदा दाबतं. ते हे चौकोन. मूळ मापात ते डोळ्याला टोचत नाहीत. पण १.४६ पट मोठे केले की ते जवळजवळ १२ पिक्सेलचे होतात, आणि वरून आपण चित्र धारदार केलं की पिशवीवर चक्क जाळी उमटते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी साफ करा, मग मोठं करा, शेवटी धार द्या. `Filters → Enhance → Noise Reduction` उघडा आणि `Strength` १ किंवा २ वरच ठेवा. चौकोन विरघळले पाहिजेत, पण पिशवीच्या चुण्या राहिल्या पाहिजेत. चुण्याही गेल्या तर आकडा कमी करा.

त्यानंतर `Image → Scale Image` मध्ये टक्केवारी निवडून १४६ द्या. खाली `Interpolation` विचारेल, तिथे `NoHalo` घ्या. नावाप्रमाणेच ही पद्धत कडांभोवती पांढरट रेघ तयार होऊ देत नाही. हे एकदाच करायचं. माप चुकलं तर `Ctrl+Z` करून मूळ ४०० वर परत जा आणि तिथून नवीन टक्केवारी द्या. मोठ्या केलेल्या चित्रालाच पुन्हा लहान-मोठं करत बसू नका.

डोळा कडा बघतो

एखादी वस्तू स्पष्ट आहे की नाही, हे आपला डोळा मुख्यतः तिच्या कडेवरून ठरवतो. पिशवीचं प्लास्टिक आतून थोडं गुळगुळीत असलं तरी चालतं, कारण प्लास्टिक तसंच असतं. पण बाहेरची कड पसरट झाली की सगळा खेळ उघडा पडतो.

त्यामुळे पिशवी आधी कापून मग मोठी करू नका. तसं केलं की कापलेली कडही पिशवीबरोबर ताणली जाते. आधी मोठी करा आणि नंतर `Paths` टूलने बिंदू बिंदू टाकत नव्या मापावर कापा. बिंदू कडेच्या एक-दोन पिक्सेल आत ठेवा, म्हणजे स्टॉलवरच्या टेबलक्लॉथचा रंग सोबत येणार नाही. निवड झाल्यावर `Select → Feather` मध्ये १ पिक्सेल द्या. शून्य दिलंत तर कड कात्रीने कापल्यासारखी दिसेल आणि ५ दिलंत तर ढगासारखी.

कड किती हवी, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, ते मोजता येतं. तयार मापातल्या पार्श्वभूमीत पिशवीइतक्याच अंतरावरची एखादी कड शोधा, उदाहरणार्थ पाटाची. झूम ८०० टक्के करा. पाटाच्या गडद रंगापासून मागच्या हिरव्या रंगापर्यंत जायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. समजा दोन-तीन लागले. आता पिशवीवरच्या एखाद्या ठळक छपाईची कड तशीच मोजा. तिथे पाच-सहा लागत असतील तर डोळ्याला जाणवणारा फरक हाच. तो कमी करायला `Filters → Enhance → Sharpen (Unsharp Mask)` वापरा. `Radius` १ च्या आसपास आणि `Amount` ०.६ पासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. पुन्हा मोजा. पाच-सहाचे तीन-चार झाले की थांबा. गडद अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसू लागली तर तुम्ही पुढे गेलात, मागे या.

अक्षरं मोठी होत नाहीत, ती नव्याने ठेवावी लागतात

प्लास्टिक, कापड, गूळ, चिक्कीचा तुकडा या गोष्टी दीडपट मोठ्या केल्या तरी डोळा माफ करतो. अक्षरांना तो माफ करत नाही, कारण अक्षर कसं असतं हे त्याला पाठ आहे.

देवनागरीत तर ही अडचण जास्त. "इंद्रायणी" हा शब्दच बघा. डोक्यावर अनुस्वाराचा एक ठिपका, द्र चं जोडाक्षर, शेवटी दीर्घ वेलांटी. ४०० पिक्सेलच्या पिशवीत हा शब्द ४० पिक्सेल उंच असेल तर अनुस्वाराच्या वाट्याला चार-पाच पिक्सेल येतात. तो कसाबसा टिकतो. पण "निव्वळ वजन", किंमत आणि एफएसएसएआय नंबर यांची अक्षरं सहा-सात पिक्सेलची असतात. त्यात आकार उरलेलाच नसतो, आणि जे चित्रात नाही ते कुठल्याही फिल्टरने परत येत नाही.

एका बटणात फोटो मोठा करून देणारी ॲप इथे कामाला येतील असं वाटेल. ती ॲप हरवलेला भाग अंदाजाने भरतात. गवत किंवा दगड असेल तर अंदाज खपून जातो. एफएसएसएआयचा नंबर मात्र १४ अंकी असतो. त्यातल्या ३ चा ८ झाला तर पॅम्प्लेटवर भलताच नंबर छापला जाईल आणि तो हजार प्रतींवर जाईल. अक्षरं आणि अंक अंदाजावर सोडू नका.

उपाय सोपा आहे. लेबलची मूळ फाइल तुमच्या प्रेसवाल्याकडे असते, बहुधा कोरलड्रॉमध्ये. त्याला फोन करून पीडीएफ मागा आणि "दादा, अक्षरं कर्व्ह करून द्या" असं आवर्जून सांगा. मराठी लेबलं बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेली असतात. तो फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसेल तर शब्दांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कर्व्ह केलं की अक्षरं आकृती बनतात, मग फॉन्ट लागत नाही.

पीडीएफ गिंपमध्ये उघडताना `Resolution` ३०० ठेवा. लेबल पिशवीच्या फाइलमध्ये नवीन लेयर म्हणून आणा. खालच्या पिशवीवरची जुनी धूसर अक्षरं लेबलच्या मूळ रंगाने झाकून टाका, नाहीतर नव्या अक्षरांच्या मागून ती सावलीसारखी डोकावतील. झाकताना ब्रश मऊ ठेवा आणि `Opacity` कमी ठेवून दोन-तीन हात फिरवा, म्हणजे चुण्यांची उजेड-सावली टिकेल. मग `Perspective` टूलने लेबलचे चार कोपरे पिशवीवरच्या लेबलच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवा. लेबलची जमीन पांढरी किंवा फिकट असेल तर लेयरचा मोड `Multiply` करा, खालच्या चुण्या लेबलवरही दिसतील.

आता उलटी अडचण येते. लेबल इतकं कोरीव दिसतं की पिशवी जुनी आणि लेबल नवं वाटतं. म्हणून लेबलच्या लेयरला `Filters → Blur → Gaussian Blur` मध्ये फक्त ०.५ ते ०.७ द्या. विचित्र वाटेल, पण धूसरपणा घालवण्याच्या कामात इथे मुद्दाम किंचित धूसरपणा घालावा लागतो. पुन्हा तीच गोष्ट: शेजाऱ्याशी जुळलं पाहिजे.

शेवटचा हात: दाणा आणि जागा

मोबाईलच्या फोटोत, विशेषतः सावलीच्या भागात, बारीक दाणेदारपणा असतो. आपण पिशवीवरचा दाणा साफसफाईत काढून टाकलाय आणि उरलेला मोठा करताना पुसला गेलाय. त्यामुळे कड जुळली तरी पिशवी मेणाची वाटते. पिशवीच्या लेयरवर `Filters → Noise → RGB Noise` उघडा, तिन्ही रंगांना वेगवेगळा दाणा देणारी `Independent RGB` ची खूण काढा आणि आकडे अगदी कमी ठेवा. १०० टक्के झूमवर दाणा जाणवावा पण मोजता येऊ नये, इतकाच. पार्श्वभूमीत दाणा जवळजवळ नसेल तर ही पायरी सोडून द्या.

आणि पिशवी ठेवायची कुठे? फोटोत फोकस सगळीकडे सारखा नसतो. भाताच्या ताटावर फोकस असेल तर त्याच्या थोडं मागे, जिथे पाटाची लांबची कड किंचित मऊ झालीय, तिथे पिशवी ठेवा. तिथे थोडी मऊ वस्तू नैसर्गिक दिसते. सर्वांत स्पष्ट तांदळाच्या दाण्यांना चिकटून ठेवलीत तर तिचं प्रत्येक उणं दिसेल. बऱ्याचदा पिशवी दोन बोटं मागे सरकवली आणि दहा टक्के लहान केली की अर्धं काम होतं. लहान केल्यावर वाढही १.४६ वरून साधारण १.३ वर येते. फक्त हे लहान करणं मूळ ४०० च्या पिशवीपासून नव्या टक्केवारीने करा.

कुठे थांबायचं

याच चित्राचा दुकानासमोर लावायला ३ फूट रुंद फ्लेक्स करायचा असेल तर? फ्लेक्स लांबून बघतात, म्हणून इंचाला ७२ पिक्सेलवरही काम चालतं. ३६ इंच गुणिले ७२ म्हणजे २५९२ पिक्सेल रुंदी. त्यात पिशवी ८६४ पिक्सेल उंच लागते, म्हणजे ४०० च्या दुपटीहून जास्त. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून गाडीतून जाणाऱ्याला ते चालून जाईल, अर्थात लेबल नव्याने बसवलं असेल तरच. पण तोच फ्लेक्स काउंटरमागे हातभर अंतरावर लावलात तर पिशवी पुसट दिसणारच.

माझा सल्ला असा: वाढ दीडपटीपर्यंत असेल तर वरच्या पद्धतीने करा. दीड ते दोन पट असेल तर लेबल नव्याने बसवल्याशिवाय करू नका. दुपटीच्या पुढे जात असेल तर सॉफ्टवेअर बंद करा आणि पिशवीचा नवीन फोटो मिळवा. गटातल्या एखाद्या ताईंच्या घरी एक रिकामी पिशवी नक्की सापडेल. ती तांदळाने भरून, मूळ फोटोत ऊन ज्या बाजूने येतंय त्याच बाजूला खिडकी ठेवून फोटो काढायला सांगा. पिशवी फ्रेमभर असू द्या आणि फोटो व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही. दहा मिनिटांच्या त्या फोटोत पिशवी सहज ३००० पिक्सेल उंच मिळेल आणि तुम्हाला ती लहान करायची असेल, मोठी नाही.

प्रेसला फाइल देण्याआधी दोन गोष्टी करा. पिशवी आणि तिच्या शेजारचा भाग तेवढाच खऱ्या मापात जवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट करून घ्या आणि हातात पॅम्प्लेट धरतो तेवढ्या अंतरावरून बघा. स्क्रीनवर दिसणाऱ्या बऱ्याच उणिवा कागदावर दिसत नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. मग तो कागद घरातल्या एखाद्याला दाखवा, ज्याला तुम्ही काय केलंय ते माहीत नाही, आणि फक्त एवढंच विचारा: "यात आधी काय दिसलं?" भात दिसला किंवा तांदूळ दिसला असं उत्तर आलं तर फाइल पाठवा. "ही पिशवी अशी का दिसतेय?" असं आलं तर लेबल, कड आणि दाणा या तीन गोष्टी याच क्रमाने परत तपासा. दोष बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच सापडतो.

व्हिडिओत ही सगळी कृती स्क्रीनवर दाखवली आहे. तुमचा फोटो किती पिक्सेलचा आहे आणि वस्तू त्यात किती उंच आहे, हे दोन आकडे मोजून कॉमेंटमध्ये लिहा. किती पट वाढ लागतेय आणि ती करावी की नवीन फोटो काढावा, ते आपण हिशोबाने बघू.